तलवारीच्या तिर्रीचे शेजारी

टॅरोच्या कॅटमध्ये एक पान असं आहे की ते उलगडलं की समोर बसलेलं माणूस जरा मागे सरकतं. लालभडक हृदय, त्यात आरपार गेलेल्या तीन तलवारी, मागे करडे ढग आणि तिरपा पाऊस. ही तलवारीची तिर्री. तिचा अर्थ कुणी सांगायची गरज नसते. दुःख, ताटातूट, मनाला लागलेला घाव.

मी टॅरो शिकायला लागलो तेव्हा हे पान एकदा तीन पानांच्या मांडणीत मधोमध आलं. डाव्या बाजूला छडीची छक्की होती, म्हणजे डोक्यावर विजयाची माळ घालून घोड्यावरून मिरवणारा स्वार. उजवीकडे छडीची चौकी, म्हणजे चार खांबांवर फुलांचं तोरण आणि त्यामागे आनंदानं हात उंचावलेली माणसं. मी निर्धास्तपणे सांगून टाकलं, की दुःख आहे खरं, पण दोन्ही बाजूंना आनंद असल्यामुळे ते हलकं होईल. शेजारी माझ्याहून जुना जाणकार बसला होता. तो म्हणाला, ‘‘तू चित्रं वाचलीस. शेजार नाही वाचलास.’’ त्याच्या हिशेबानं त्या तीन पानांचा अर्थ माझ्या बरोबर उलट होता. दोन्हीकडच्या छड्या दुःखाला विझवत नव्हत्या, फुंकर घालत होत्या.

त्या हिशेबाला इंग्रजीत ‘एलिमेंटल डिग्निटीज’ म्हणतात. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. इथे आपण ‘तत्त्वबल’ म्हणू. पानाचं बळ त्याच्या शेजारच्या पानांच्या तत्त्वावरून ठरवायचं, एवढाच त्याचा अर्थ. टॅरोनं भविष्य कळतं की नाही, या वादात मी पडत नाही. पिसलेला कॅट हा पिसलेला कॅटच असतो आणि कोणतं पान कुठे पडेल हे कुणाच्या हातात नसतं. पण पडलेली पानं वाचायची म्हटली, तर त्या वाचण्याचं एक व्याकरण आहे, आणि ते बऱ्यापैकी काटेकोर आहे. ते व्याकरण इथे उलगडून बघू.

आधी कॅटची ओळख. टॅरोत ७८ पानं. त्यातली २२ मोठी, नावांची: विदूषक, सम्राज्ञी, मनोरा, चंद्र, सूर्य अशी. उरलेली ५६ आपल्या ओळखीच्या पत्त्यांसारखी. चार गट, प्रत्येकात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं आणि वर राजा-राणीसारखी चार दरबारी पानं. आपल्याकडे राजा, राणी, गुलाम अशी तीनच असतात, तिथे एक जास्त. बदाम-इस्पिकच्या जागी इथे छड्या, प्याले, तलवारी आणि नाणी आहेत. टॅरोवाले त्यांना वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्स म्हणतात. हे गट पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीच्या पत्त्यांतून आलेले आहेत. तेव्हा हा कॅट नुसता खेळण्यासाठी होता, आणि २२ मोठी पानं, विदूषक सोडला तर, हुकमाची पानं होती. भविष्य वगैरे त्याला फार नंतर चिकटलं.

त्याहून नंतरची गोष्ट म्हणजे चार गटांना चार तत्त्वं वाटून देणं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या गूढविद्येच्या वर्तुळांत हा विचार मुरत होता. त्याला नियमाचं रूप मिळालं ते लंडनमध्ये. १८८८ साली विल्यम विन वेस्टकॉट, सॅम्युएल लिडेल मॅथर्स आणि विल्यम रॉबर्ट वुडमन या तिघांनी तिथे ‘हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन’ नावाची गुप्त संस्था काढली. कवी डब्ल्यू. बी. येट्स दोन वर्षांनी तिचा सभासद झाला. संस्थेत टॅरोवरचं एक हस्तलिखित होतं, ‘बुक टी’. वरच्या पायरीवर पोचलेल्या सभासदानं ते स्वतःच्या हातानं उतरवून घ्यायचं. छापायचं नाही, बाहेर दाखवायचं नाही. त्यातला मजकूर पुढे अलिस्टर क्रौलीनं १९१२ साली आपल्या नियतकालिकात छापून मोकळा केला, आणि त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी इस्रायल रेगार्डीनं संस्थेची सगळी कागदपत्रंच ग्रंथरूपात काढली. शेजारच्या पानांचा नियम त्या हस्तलिखितात आहे, आणि तो अवघ्या काही ओळींचा आहे.

नियमात छडी म्हणजे अग्नी, प्याला म्हणजे पाणी, तलवार म्हणजे वायू आणि नाणं म्हणजे पृथ्वी. तत्त्वं चारच. आपल्या पंचमहाभूतांतलं आकाश इथे गटांच्या वाट्याला येत नाही. पानाच्या दोन्ही बाजूंना त्याच्याच गटाची पानं असतील, तर ते फार बलवान होतं. दोन्ही बाजूंना विरोधी तत्त्वाची पानं असतील, तर ते फार दुबळं होतं. विरोधी जोड्या दोनच आहेत: अग्नी-पाणी आणि वायू-पृथ्वी. म्हणजे छडीचं प्याल्याशी वैर आणि तलवारीचं नाण्याशी. बाकी सगळ्या जोड्या मित्र.

अग्नी आणि पाण्याचं वैर समजतं. पण वायूचं पृथ्वीशी काय भांडण? आणि अग्नी-पृथ्वी मित्र कसे? मातीनंही आग विझतेच की. हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. उत्तर टॅरोत नाही, ॲरिस्टॉटलमध्ये आहे. उत्पत्ती आणि नाश या विषयावरच्या आपल्या ग्रंथात त्यानं प्रत्येक तत्त्वाला दोन-दोन गुण दिले. अग्नी उष्ण आणि कोरडा. वायू उष्ण आणि ओला. पाणी थंड आणि ओलं. पृथ्वी थंड आणि कोरडी. आता या चौघांना एका गोल टेबलाभोवती याच क्रमानं बसवा. प्रत्येकाचा डाव्या शेजाऱ्याशी एक गुण जुळतो आणि उजव्या शेजाऱ्याशी दुसरा. अग्नी-वायू यांच्यात उष्णता, वायू-पाणी यांच्यात ओल, पाणी-पृथ्वी यांच्यात थंडपणा, पृथ्वी-अग्नी यांच्यात कोरडेपणा. समोरासमोर बसलेल्यांत मात्र काहीच जुळत नाही. अग्नीच्या समोर पाणी येतं आणि वायूच्या समोर पृथ्वी. ॲरिस्टॉटलच्या मते तत्त्वं एकमेकांत बदलू शकतात, आणि ज्यांचा एक गुण सामाईक आहे त्यांचा बदल लवकर होतो, कारण एकच गुण पालटायचा असतो. समोरासमोरच्या तत्त्वांना दोन्ही पालटावे लागतात, म्हणून तिथे वेळ लागतो.

गोल्डन डॉनच्या मैत्रीचा तक्ता म्हणजे हेच गोल टेबल. त्यामुळे वायू-पृथ्वीच्या वैराला वाऱ्या-धुळीचं उदाहरण शोधत बसू नये; ते वैर गुणांचं आहे, प्रसंगाचं नाही. मैत्रीची उदाहरणं मात्र घरात सापडतात. चुलीत फुंकणीनं वारा घातला की विस्तव फुलतो, ही अग्नी-वायूची मैत्री. तीच चूल मातीची असते आणि विस्तव धरून ठेवते, ही अग्नी-पृथ्वीची. पहिल्या मैत्रीत जोर आहे, दुसरीत स्थैर्य आहे. मूळ हस्तलिखितात हा फरक केलेला नाही, दोन्ही नुसते मित्र. पण नंतरच्या अनेक वाचकांनी तो केला. अग्नी-वायू ही दोन्ही क्रियाशील तत्त्वं, पाणी-पृथ्वी ही दोन्ही ग्रहणशील. अशा जोड्यांची मैत्री घट्ट धरायची. अग्नी-पृथ्वी आणि वायू-पाणी यांची मैत्री पातळ, काहींच्या मते तटस्थच. मला हा फरक उपयोगी वाटतो, पण तो नंतरचा आहे हे ध्यानात ठेवलेलं बरं.

टॅरोचा कॅट घरात नसेल तर साध्या पत्त्यांवरही हे बघता येतं. सर्रास मानली जाणारी जुळणी अशी: छडी म्हणजे किलवर, प्याला म्हणजे बदाम, तलवार म्हणजे इस्पिक, नाणं म्हणजे चौकट. आता गंमत बघा. काळ्याशी काळा, लालशी लाल, ही घट्ट मैत्री. काळ्या-लालमध्ये किलवरचं बदामाशी आणि इस्पिकचं चौकटीशी वैर. उरलेल्या दोन मिश्र जोड्या, म्हणजे किलवर-चौकट आणि इस्पिक-बदाम, पातळ मैत्रीच्या. एवढं लक्षात राहिलं की तक्ता पाठ करावा लागत नाही.

ज्यांच्या घरात पत्रिका जुळवल्या जातात त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. ‘डिग्निटी’ हा शब्द पाश्चात्त्य ज्योतिषातूनच आला आहे. ग्रह कोणत्या राशीत बसला आहे यावरून त्याचं बळ ठरवायचं, आपल्याकडे जसं उच्चीचा, नीचेचा, स्वगृहीचा म्हणतात तसं. आणि ३६ गुणांच्या मेळात ग्रहमैत्रीचे ५ गुण असतातच. पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. ग्रहमैत्री एकतर्फी असू शकते: चंद्र बुधाला मित्र मानतो, बुध मात्र चंद्राला शत्रू. तत्त्वबलात असली भानगड नाही. इथे मैत्री आणि वैर दोन्ही बाजूंनी सारखंच. प्याला छडीला दुबळं करतो तेव्हा छडीही प्याल्याला दुबळं करत असते. हे लक्षात नसेल तर काय निसटतं, ते पुढे एका मांडणीत दिसेल.

आता परत तलवारीच्या तिर्रीकडे. ती वायूची. माझ्या मांडणीत तिच्या दोन्ही बाजूंना छड्या होत्या, म्हणजे अग्नी, म्हणजे तिचे घट्ट मित्र. मित्रांनी तिला बळ दिलं. पण तिचा स्वभावच दुःखाचा. मग बळ कशाला मिळालं? दुःखालाच. हस्तलिखित याबाबत स्पष्ट आहे: शेजारचं पान मधल्याला बळ देतं ते त्याच्या स्वभावानुसार, चांगल्याला चांगल्यासाठी आणि वाईटाला वाईटासाठी. नवशिक्याची पहिली आणि सर्वांत मोठी चूक इथेच होते. ‘बलवान’ ऐकलं की त्याला ‘शुभ’ ऐकू येतं. रेडिओचा आवाज वाढवला म्हणून गाणं बदलत नाही. गाणं तेच राहतं, फक्त मोठ्यानं ऐकू येतं.

तिर्री तशीच ठेवा आणि शेजारी बदला. डावीकडे नाण्याची पंजी येऊ द्या. तिचं चित्र सगळ्या कॅटमधल्या केविलवाण्या चित्रांपैकी एक. बर्फात कुडकुडत चाललेली दोन फाटकी माणसं, एक कुबड्यांवर, आणि मागे चर्चची उजळलेली खिडकी. उजवीकडे नाण्याची अठ्ठी, म्हणजे बाकावर बसून एकेक नाणं ठोकून घडवणारा कारागीर. चित्रं बघून वाचणारा म्हणेल, हाय, दुःखाच्या शेजारी दारिद्र्य. पण नाणी म्हणजे पृथ्वी, वायूचं समोरचं तत्त्व. दोन्हीकडून वैरी. तिर्री पार दबून गेली. दुःख आहे, पण त्याला धार नाही. पैशाची ओढाताण आणि हातातलं काम यांच्या रेट्यात मनाला लागलेलं कुरवाळत बसायला फुरसतच नाही. माझ्या अनुभवात ऐकणाऱ्यांना हे वाचन पटतं, कारण ज्याच्या घरी महिनाअखेरीला भाड्याची चिंता असते त्याच्या प्रेमभंगाचं नेमकं असंच होतं.

दोन्हीकडे तलवारीच आल्या, समजा एका बाजूला नव्वी, म्हणजे मध्यरात्री अंथरुणात उठून तोंड झाकून बसलेली बाई, तर मग विचारायलाच नको. स्वतःच्याच गटाचा शेजार हा सगळ्यांत जोरदार शेजार.

मात्र शेजारी एकमेकांचेच वैरी असतील तर? तिर्रीच्या डावीकडे छडी, उजवीकडे प्याला. अग्नी आणि पाणी. दोघंही तिचे मित्रच, पण आपसांत हाडवैर. हस्तलिखित म्हणतं, अशा वेळी त्यांचं बळ एकमेकांत जिरतं आणि मधल्या पानावर फारसा परिणाम होत नाही. पान जसं आहे तसं, त्याच्या मूळ मापानं वाचायचं. एका बाजूला तलवार आणि दुसऱ्या बाजूला नाणं असलं तरी हेच. काही आधुनिक वाचक पहिल्या प्रकारात मधल्या पानाला ‘पूल’ मानतात, दोन भांडणाऱ्यांमधला समेट घडवणारा. कल्पना गोड आहे, पण मला ती जरा जास्तच सोयीची वाटते. मूळ नियम कोरडा आहे आणि कोरडाच बरा.

हे क्वचित घडत असेल असं मला आधी वाटायचं. एकदा कागद-पेन घेऊन मोजलं. २२ मोठी पानं बाजूला ठेवून फक्त ५६ पानांतून तीन पानं काढली, तर मधल्याचे दोन्ही शेजारी आपसांत वैरी असण्याची शक्यता सुमारे २५ टक्के निघते. म्हणजे दर चार मांडणींपैकी एकीत शेजाराचा परिणाम शून्य! उरलेल्यांत, एकही वैरी नसून शेजार बळ देणारा असण्याची शक्यता ४२ टक्के आणि किमान एक वैरी असून त्याचा परिणाम न जिरण्याची ३३ टक्के. दोन्हीकडून वैरी, म्हणजे वरच्या उदाहरणातलं पूर्ण दबलेलं पान, हे सहा टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे कुणी वाचक दर मांडणीत काहीतरी जबरदस्त बळ किंवा जबरदस्त वैर शोधून काढत असेल, तर तो नियम वाकवतो आहे असं खुशाल समजा.

या पद्धतीमुळे एक नेहमीची गोष्ट गळून पडते: उलटं पान. अनेक ठिकाणी पान उलटं पडलं की त्याचा अर्थ फिरवतात. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये एतेला या टोपणनावानं भविष्य सांगणाऱ्यानं ही रीत रूढ केली. खुद्द मॅथर्सनं १८८८ साली छापलेल्या टॅरोच्या पुस्तिकेत उलट्या पानांचे वेगळे अर्थ आहेत. पण संस्थेच्या आतल्या हस्तलिखितात त्यांची गरजच उरली नाही. पान बलवान की दुबळं हे शेजार सांगतो, तर ते पुन्हा उलटं कशाला करायचं? पुढे याच संस्थेतल्या आर्थर एडवर्ड वेटनं १९०९ साली पामेला कोलमन स्मिथकडून चित्रं काढवून आपला कॅट लंडनमध्ये छापला, आज जगभर चालतो तो. त्याच्याबरोबरच्या पुस्तकात मात्र त्यानं उलटे अर्थच दिले. ते पुस्तक बाहेरच्या वाचकांसाठी होतं आणि संस्थेची पद्धत गुप्त होती. त्यामुळे जगभर उलटं पान पसरलं आणि शेजार मागे राहिला. आता काही जण दोन्ही एकत्र वापरतात. मला तो दुहेरी हिशेब वाटतो. उलट्या पडलेल्या पानाला शेजार पुन्हा दुबळं करतो आहे की सुलटं करतो आहे, याचं धड उत्तर कुणाकडे नसतं.

अडचणी आणखी आहेत. मोठ्या २२ पानांना गट नाही, मग त्यांचं तत्त्व कोणतं? गोल्डन डॉननं त्यांतल्या तिघांना सरळ तत्त्वं दिली: विदूषक वायू, उलटा टांगलेला माणूस पाणी, अंतिम न्याय अग्नी. बारा पानांना बारा राशी दिल्या, त्यामुळे राशीचं तत्त्व तेच पानाचं. इथवर गाडी नीट चालते. उरलेली सात पानं सात ग्रहांची, आणि तिथे ती अडते. मनोरा मंगळाचा म्हणून अग्नी, हे सगळे मानतात. पण सम्राज्ञी शुक्राची. शुक्र पाणी की पृथ्वी? दोन वाचक दोन उत्तरं देतात आणि एकाच मांडणीचे दोन अर्थ निघतात. दुसरी अडचण कॅटचीच. काही कॅटवाले तलवारीला अग्नी आणि छडीला वायू मानतात. तसा कॅट हातात असेल तर अग्नी-वायूची अदलाबदल होते आणि वैरी बदलतात: छडीचं वैर नाण्याशी, तलवारीचं प्याल्याशी. तेव्हा नवा कॅट घेतला की त्याच्या पुस्तिकेत आधी हे बघावं. आणि तिसरी, मांडणीची. वेटनं प्रसिद्ध केलेल्या दहा पानांच्या क्रॉसमध्ये एक पान दुसऱ्यावर आडवं असतं, चार चहूबाजूंना आणि चार उभ्या ओळीत. तिथे कुणाचा शेजारी कोण? हा नियम ओळीत मांडलेल्या पानांसाठी आहे. गोल्डन डॉनची स्वतःची मांडणी लांबलचक ओळींची होती.

म्हणून आपणही एका ओळीकडेच जाऊ. आमच्या इमारतीतल्या एका वहिनींना दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या, जावेला बरोबर घेऊन. नोकरी सोडायची नव्हती, दोन महिन्यांपुरतं बघायचं होतं. ‘‘भावजी, काढा बरं तुमची पानं,’’ म्हणाल्या. मी पाच पानं मांडली. डावीकडून: प्याल्याची नव्वी, छडीची दश्शी, प्याल्याची दुर्री, नाण्याची अठ्ठी, छडीची तिर्री.

चित्रं बघितली तर गोष्ट सरळ होती. नव्वीत हाताची घडी घालून तृप्त बसलेला माणूस, मागे फळीवर नऊ प्याले, इच्छा पुरी. दश्शीत दहा काठ्यांच्या ओझ्यानं वाकलेला माणूस. काम अंगावर येणार. दुर्रीत दोघं जण एकमेकांना प्याला देतात; जावेची भागीदारी, छान. अठ्ठीत कारागीर, चिकाटीचं बारीक काम. तिर्रीत कड्यावर उभं राहून समुद्रातली जहाजं बघणारा, धंदा बसणार. वहिनी खूश.

आता शेजारानं वाचू. प्रत्येक पानाला आळीपाळीनं मधलं मानायचं. दश्शीपासून सुरुवात करतो, कारण तिच्यावर सगळ्यात जास्त बोजा आहे. छडीची दश्शी म्हणजे ओझं, गोल्डन डॉनच्या भाषेत तर दडपशाही. तिच्या दोन्ही बाजूंना प्याले. अग्नीभोवती पाणी. ओझं जवळजवळ विझलं. वहिनींना ज्या मेहनतीची धास्ती होती, रात्रभर चकल्या पाडत बसायची, ती धास्ती फारशी खरी नाही. इथवर गोड.

पण वैर दोन्ही बाजूंनी असतं. डावीकडची नव्वी टोकाची, तिला एकच शेजारी आणि तो छडीचा. पाण्याशेजारी अग्नी. म्हणजे ती तृप्ती, ती पुरी झालेली इच्छा, तीही खालावली. दश्शीचं ओझं हलकं झालं त्याची किंमत नव्वीनं मोजली. जो फक्त दश्शी वाचून थांबेल त्याच्या हातून नेमकं हेच निसटेल. वहिनींना मी सांगितलं, त्रास वाटतो तेवढा नाही, पण मनातलं जे चित्र आहे, सगळ्या सोसायटीनं वाहवा करण्याचं, तेही तेवढं भरणार नाही. त्यांचा चेहरा जरा उतरला.

मधली दुर्री, जावेची भागीदारी. डावीकडे छडी, वैरी. उजवीकडे नाणं, घट्ट मित्र. अग्नी आणि पृथ्वी आपसांत वैरी नाहीत, त्यामुळे दोन्हींचं बळ जिरत नाही. दोन्ही लागू पडतात. एका बाजूनं ओढ, दुसऱ्या बाजूनं आधार. इथे दिशा बघितली तर वाचन नेमकं होतं. ओढणारं पान ओझ्याचं, आधार देणारं कारागिराचं. म्हणजे भागीदारी बिघडली तर ‘कुणी किती केलं’ यावरून बिघडेल, आणि टिकली तर हिशेबाच्या वहीनं टिकेल. अशा मिश्र शेजारात वाचकाचा स्वतःचा अंदाज सर्वांत जास्त शिरतो, हे मी कबूल करतो. नियम फक्त ‘एकीकडे वैरी, एकीकडे मित्र’ एवढंच सांगतो.

नाण्याची अठ्ठी प्याल्यामध्ये आणि छडीमध्ये बसलेली. पाणी आणि अग्नी एकमेकांत जिरले. अठ्ठी आपली जशी आहे तशी. मोजूनमापून, बेतानं, एकेक नग नीट करायचा. तिला कुणी वाढवलं नाही की घटवलं नाही. पूर्ण ओळीत हे एकच पान असं की ज्यावर कुणाची सावली नाही, म्हणून सल्ला त्याच पानातून द्यावा असं मला वाटलं: ऑर्डरी मोजक्या घ्या.

राहिली छडीची तिर्री, जहाजांची वाट बघणारी. तीही टोकाची, शेजारी फक्त नाणं. अग्नी-पृथ्वी, पातळ मैत्री. चुलीच्या मातीसारखी धरून ठेवणारी, पण फुलवणारी नाही. पुढच्या वर्षी पुन्हा ऑर्डरी येतील, भडका मात्र उडणार नाही.

वहिनी थोडा वेळ त्या शेवटच्या पानाकडे बघत राहिल्या. मग त्याच्या उजवीकडच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘आणि इथे आणखी एक मांडलं तर?’’ मी म्हटलं, तलवार आली तर ती आणि नाणं एकमेकांत जिरतील, तिर्री जशी आहे तशीच. छडी आली तर तिर्री पेटेल. प्याला आला तर एकीकडे वैरी, एकीकडे मित्र, म्हणजे दुर्रीसारखीच गत. नाणं आलं तर जरा जास्त आधार, बाकी आहे तसंच. त्यांनी कॅटवर हात ठेवला, वरचं पान अर्धवट सरकवलं, आणि परत आत ढकलून दिलं. ‘‘राहू दे,’’ म्हणाल्या, ‘‘भाजणीचं धान्य भाजायला ठेवलंय.’’